स्लाइडवरचं तेल

जावईबापूंच्या लॅबचं दार ढकललं आणि नाकाला पदर लावावासा वाटला. शिळं रक्त, स्पिरिट आणि कालपासून तसाच राहिलेला चहा, असा तो एकत्र वास होता. मी स्वतः लॅबमध्ये केस पिकवलेत, रक्ताच्या वासाचं मला काही नाही. पण रक्ताच्या नळ्यांच्या स्टँडला टेकून चहाचा कप, कपात मेलेली माशी आणि शेजारी वापरलेली सुई, हे बघून मी दारातच थबकले.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नात आईने कौतुकाने तशी हाक मारली आणि तीच चिकटली. तोही माझ्याच धंद्यातला. मी दुसऱ्या गावी मोठ्या दवाखान्यात मलेरियाच्या स्लाइडी बघते आणि नव्या पोरांना बघायला शिकवते. जावईबापू इथे या छोट्या दवाखान्यात लॅब सांभाळतात. शिक्षण दोघांचं सारखंच. "दोघं एकाच धंद्यातले, घरात तुमचं छान जमेल," असं आई म्हणाली होती. आई तरी आणखी काय म्हणणार!

मी आले होते ते धाकटीसाठी. तिला सहावा महिना, अंगात ताप, आणि मलेरिया निघालाय म्हणून फोन आला. "साधा मलेरिया आहे, काळजी नको," जावईबापू फोनवर म्हणाले होते. मी तरी रजा टाकून निघाले. वॉर्डात पोचले तर धाकटी डोळे मिटून पडलेली. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळट झालेला. मी हाक मारली तर उत्तर यायला इतका वेळ लागला की मी पुन्हा हाक मारली.

"ताई, आलीस?" ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

ही माझी बहीण लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायची. तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वॉर्डाच्या डॉक्टर तरुण होत्या, कामसू होत्या, चेहऱ्यावर काळजी होती. "व्हायव्हॅक्स आहे, साधा मलेरिया," त्या म्हणाल्या. "किटमध्ये तेच आलं, स्लाइडमध्येही तेच. क्लोरोक्विनच्या गोळ्या चालू आहेत. गरोदर आहेत म्हणून प्रायमाक्विन देता येत नाही. पण ताप उतरत नाहीये, तेच कळत नाहीये."

"स्लाइड कोणी बघितली?"

"तुमच्या जावईबापूंनीच. स्वतःच्या बायकोची म्हणून मुद्दाम स्वतः बघितली म्हणाले."

म्हणून मी लॅबमध्ये आले होते, आणि नाक दाबून उभी होते.

"अरे, ताई! या, या," जावईबापू मोबाइल खिशात टाकत उठले. गोड माणूस आहे हो. वॉर्डातल्या आया, शिपाई, सगळे त्यांच्यावर खूष. हसून बोलतात, कोणाला उलट बोलत नाहीत. "चहा सांगू?"

"नको," मी कपाकडे बघत म्हणाले. "धाकटीचं किट दाखवा."

किट त्यांनी ठेवलं होतं, तेवढं बरं. प्लास्टिकची छोटी पट्टी; तिच्यावर तीन रेघा येऊ शकतात. पहिली रेघ आली की किट चालतंय एवढंच कळतं. दुसरी कुठल्याही मलेरियाला येते. तिसरी फक्त फाल्सिपेरमला, म्हणजे जीव घेणाऱ्या मलेरियाला येते. धाकटीच्या पट्टीवर पहिली होती, दुसरी ठसठशीत होती, तिसरीच्या जागी काही नव्हतं. मलेरिया आहे, फाल्सिपेरम नाही, मग राहिला कोण? व्हायव्हॅक्स. हिशेब सरळ दिसतो. पण किट जंतू बघत नाही, जंतूंनी रक्तात सोडलेलं प्रथिन ओळखतं. जंतू बघायचे तर स्लाइड भिंगाखाली धरावी लागते.

"आणि स्लाइड?"

त्यांनी ट्रे पुढे केला. झाकण नसलेला ट्रे, त्यात स्लाइडी आडव्यातिडव्या, वर माश्या घोंघावतायत. काही जाड थरांच्या कडा अर्धवट कुरतडलेल्या होत्या. माश्यांना, झुरळांना वाळतं रक्त फार आवडतं, हे लॅबमधल्या नवख्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. मला शिसारी आली. मी धाकटीची स्लाइड उचलली आणि उजेडात धरली.

एका टोकाला जाड थर, दुसऱ्या टोकाला पातळ. दोन्ही एकाच काचेवर घ्यायची पद्धत आहे, आणि दोघांची कामं वेगळी. जाड थरात रक्ताचा थेंब तसाच पसरून वाळवायचा. रंगाच्या पाण्यात त्यातल्या तांबड्या पेशी फुटून वाहून जातात आणि जंतू मागे उरतात. थोड्या जागेत पुष्कळ रक्त बघून होतं, त्यामुळे जंतू थोडे असले तरी सापडतात. पातळ थर मात्र आधी मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का करतात, म्हणजे पेशी फुटत नाहीत. जंतू कुठल्या पेशीत बसलाय, पेशी फुगलीय का, तिच्यावर ठिपके आहेत का, हे तिथे दिसतं आणि जंतूची जात कळते. फक्त एक सांभाळायचं: मिथेनॉल जाड थराला लागू द्यायचं नाही. लागलं तर त्याच्याही पेशी पक्क्या होतात, फुटत नाहीत, आणि थर तपकिरी खपलीसारखा राहतो. त्यातून काही दिसत नाही.

धाकटीचा जाड थर तपकिरी खपली होता.

"अख्खी स्लाइड बुडवलीत मिथेनॉलमध्ये?"

"घाईत होतं ताई. रोजच्या पन्नास स्लाइडी..."

"मग जाड थरात काय दिसलं तुम्हाला?"

"पातळमध्ये दिसलं ना."

मी पातळ थर तिरपा करून पुन्हा बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थर स्वच्छ होता. कोरडा ठणठणीत. मायक्रोस्कोपच्या शंभराच्या भिंगाने जंतू बघायचे तर स्लाइडवर तेलाचा थेंब टाकावाच लागतो, त्याशिवाय धुक्यात बघितल्यासारखं दिसतं. बघून झाल्यावर तो थेंब तिथेच राहतो. ट्रेमधल्या दुसऱ्या स्लाइडी उचलल्या. कोरड्या. सगळ्या कोरड्या. मग मी त्यांचं भिंग बघितलं. त्याच्यावर धूळ होती.

"तेल कुठाय?"

"पुसून टाकतो मी," जावईबापू म्हणाले.

"भिंगावरचं पुसता की काचेवरचं? आणि कशाने पुसता, की थरावर ओरखडासुद्धा येत नाही?"

ते हसले. तेवढ्यातही हसले! "ताई, तुम्ही पण ना. अहो, किट आहे की. किट जे म्हणतं तेच स्लाइडमध्ये येणार. सगळीकडे असंच चालतं. उगाच डोळे फोडून काय मिळतं?"

म्हणजे किट बघायचं आणि स्लाइडच्या रकान्यातही तेच लिहायचं. अनोळखी माणसाचं असं केलं असतं तरी मी संतापले असते. हा स्वतःच्या बायकोचं, पोटातल्या पोरासकट, न बघता लिहून मोकळा झाला होता. मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं, पण मी वळून हात धुवायला सिंककडे गेले. सिंकमध्ये जांभळ्या रंगाचे थरावर थर वाळलेले. तिथे ओकायलासुद्धा नको वाटलं.

"सरका," मी म्हणाले. "मी करते."

वॉर्डात जाऊन मी धाकटीच्या बोटातून रक्त घेतलं. तिने बोट मागे घेतलं नाही, "आई गं"सुद्धा म्हणाली नाही. नव्या काचेवर दोन्ही थर घेतले, जाड थर पंख्याखाली वाळवला आणि पातळ टोक तेवढं मिथेनॉलमध्ये बुडवलं, काच तिरपी धरून, जाड टोक वर ठेवून. बाटलीतलं शिळं पाणी फेकून देऊन इथल्याच पाण्यात रंग कालवायचा बफर नवा केला, कारण पाणी आंबट झालं की ठिपके उमटत नाहीत. भिंग पुसलं. त्याच रंगात दुसऱ्या एका रुग्णाची, जावईबापूंनी रंगवायची राहिलेली स्लाइडही बुडवली. त्याच्याही किटला तिसरी रेघ नव्हती. हे मी का केलं ते नंतर कळेल.

रंग धुवून, काच वाळवून तेल टाकलं आणि डोळा लावला.

पातळ थरात जिकडे बघावं तिकडे अंगठ्या, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे कोवळे जंतू. निळ्या, बारीक, नाजूक, लाल खड्याच्या. काही अंगठ्यांना दोन-दोन खडे. एकाच पेशीत दोन, कुठे तीन. काही पेशीच्या अगदी काठाला चिकटलेल्या. आणि पेशी? व्हायव्हॅक्सने फुगते तशी एकही फुगलेली नाही, शेजारच्या निरोगी पेशींएवढीच, आणि ठिपके कुठेच नाहीत. मोठे वाढलेले जंतू शोधले, ते नव्हते. फाल्सिपेरम वाढला की आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतो, बोटाच्या रक्तात त्याच्या लहान अंगठ्याच फिरतात. दर शंभर तांबड्या पेशींत सहा पेशी भरलेल्या होत्या. एवढे जंतू म्हणजे जिवाला धोका.

"बघा," मी जावईबापूंना खुर्चीवर बसवलं.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता तरी चेहरा पडेल.

"अंगठ्या तर व्हायव्हॅक्सच्याही असतात," ते म्हणाले. "ठिपके नाहीत म्हणाल, पण आमच्या इथलं पाणीच असं आहे. आमच्याकडे ठिपके उमटतच नाहीत."

नाचता येईना अंगण वाकडं! मी दुसरी स्लाइड भिंगाखाली सरकवली. तेच पाणी, तोच रंग, तीच वेळ. त्या माणसाच्या पेशी चांगल्या फुगलेल्या होत्या, आत जंतू अमिबासारखे वेडेवाकडे पसरलेले, लहान-मोठे सगळ्या वयाचे, आणि पेशींवर गुलाबी ठिपक्यांचा सडा पडलेला.

"हा व्हायव्हॅक्स. उमटले का ठिपके तुमच्या पाण्यात?"

त्यांनी भिंगावरचा डोळा काढला.

"मग किटला तिसरी रेघ का नाही आली?" हे मात्र त्यांनी खरोखर विचारलं. त्या दिवसातला त्यांचा तेवढा एक प्रश्न मला आवडला.

"कारण जंतू फार आहेत. प्रथिन इतकं झालंय की रेघच बनत नाही. दारात चेंगराचेंगरी झाली की कोणीच आत शिरू शकत नाही, तसं." मी धाकटीचं थोडं रक्त सलाइनमध्ये दहापट पातळ केलं. एका पाकिटातली दोन किटं काढली, एकात नुसतं रक्त घातलं, दुसऱ्यात पातळ केलेलं. जावईबापू मोबाइलकडे न बघता बसून राहिले. वेळ भरल्यावर पहिल्या किटवर पुन्हा तिसरी रेघ नव्हती. दुसऱ्यावर होती. स्पष्ट.

मी स्लाइड आणि दोन्ही किटं घेऊन अक्षरशः पळत वॉर्डात गेले. डॉक्टरांनी एकदा किटांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, लॅबमध्ये येऊन स्वतः डोळा लावला आणि जाताजाताच नर्सला फाल्सिपेरमवरचं, आर्टेसुनेटचं इंजेक्शन काढायला सांगितलं. साखर तपासली तर ती घसरलेली, ग्लुकोज लावलं. "अजून उशीर झाला असता तर..." असं म्हणून त्या थांबल्या. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. अशा स्लाइडी मी पाहिल्यात, त्यांचं पुढे काय झालं तेही माहीत आहे.

ती रात्र आणि दुसरा दिवस मी धाकटीच्या उशाशी काढला. ठरल्या वेळी तिच्या स्लाइडी मीच घेतल्या, मीच रंगवल्या, मीच बघितल्या. जंतू निम्म्यावर आले, मग त्याच्याही निम्म्यावर. पोटावर यंत्र लावून डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरला मिठी मारली. धाकटी हळूहळू बोलायला लागली. बोलायला लागली तशी भांडायलाही लागली.

"ताई, तू ह्यांना लॅबमध्ये फार बोललीस म्हणे."

"बोलले."

"किट चुकलं त्याला हे काय करणार? माणसाच्या हातून चूक होते. रात्रभर माझ्या पायाशी बसले होते हे, तू नव्हतीस तेव्हा. माझे पाय चेपत होते."

"पाय चेपायला नर्सपण आहे. स्लाइड बघायला तोच होता."

"तुला कधीच कोणी पसंत पडत नाही," धाकटी म्हणाली आणि तोंड फिरवलं.

न बघता लिहिलं, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. सहावा महिना, हातात सलाइन. म्हटलं, बरी होऊ दे. जावईबापूंना मात्र बाजूला घेऊन पढवलं. ट्रेवर जाळी टाका, माश्या रक्त खातात. जाड थराला मिथेनॉल लावू नका. भिंग पुसा. आणि तेल. "तुमच्या काचेवर तेल नव्हतं म्हणून मला कळलं," मी म्हणाले. "कोणालाही कळेल." ते मान डोलावत होते. "तुमचं बरोबर आहे ताई. डोळे उघडलेत माझे. आता एकही स्लाइड सोडणार नाही." बोलताना डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. मला वाटलं, सुधारेल. शेवटी आपल्याच घरचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला धाकटीच्या घरी गेले. परत आले तर वॉर्डात आनंदीआनंद. धाकटी उशीला टेकून केस विंचरत होती, जावईबापू तिची पिशवी भरत होते.

"ताई, आज घरी!" धाकटी म्हणाली. "ह्यांनी सकाळीच माझं रक्त घेतलं. एकही जंतू नाही. डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्ट असा असेल तर इंजेक्शन बंद, आता गोळ्या, आणि संध्याकाळी सोडते."

"मोजणीच करायची होती म्हणून जाड थरच घेतला फक्त," जावईबापू पिशवीची चेन लावत म्हणाले. "मिथेनॉल लावलं नाही, बरं का ताई."

"छान. स्लाइड बघते जरा."

"बघा की. ट्रेमध्येच आहे. वर जाळीपण टाकलीये."

जाळी होती. एका बाजूने दुमडलेली, आणि तिच्या आत माश्या सापडल्यासारख्या फिरत होत्या. मी जाळी उचलली. आज एकही स्लाइड कोरडी नव्हती. ओळीने सगळ्यांवर तेलाचा एकेक थेंब, टपोरा, मधोमध. शिकवलेला धडा तोंडपाठ. मला क्षणभर बरंही वाटलं.

धाकटीची काच शोधली, उजेडात धरली.

काचेवर तिचा नंबर होता. तेलाचा थेंब होता. थेंबाखाली काही नव्हतं. जाड थर माश्यांनी खाऊन टाकला होता. कुरतडलेली तपकिरी कडा तेवढी गोल उरली होती आणि मध्ये नुसती काच. त्या नुसत्या काचेवर त्याने तेल टाकलं होतं. त्यात डोळा लावला असता तर लावल्याबरोबर कळलं असतं. भिंगाला हात लावून बघितला. काल रात्री मी पुसून ठेवलं होतं तसंच, कोरडं.

तिथे उभ्या उभ्या मला काय वाटलं ते सांगते. राग नाही आला. राग माणसाचा येतो. मला फक्त किळस आली. आणि ती माश्यांची नव्हती, माश्या त्यांचं काम करत होत्या. मी त्याला काच वाचायला शिकवली होती आणि तो तेवढ्यातून पकडलं कसं जाऊ नये एवढंच शिकला होता.

मी वॉर्डात जाऊन पुन्हा धाकटीच्या बोटातून रक्त घेतलं. "आता कशाला?" ती कुरकुरली. मी थर वाळेपर्यंत तिथेच बसून माश्या हाकलल्या. रंगवला, धुतला, तेल टाकलं, बघत गेले. पुष्कळ शोधल्यावर एक अंगठी दिसली. मग आणखी पुढे एक. थोड्या होत्या, पण होत्या. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सोडायचं रद्द केलं, इंजेक्शन चालू ठेवलं, आणि जावईबापूंना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

मग मी ती सकाळची काच धाकटीच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुझी सकाळची स्लाइड. खिडकीकडे धर."

तिने धरली. डोळे बारीक करून बघितलं, काच उलटी केली, पुन्हा सुलटी केली. तेल ओघळून तिच्या बोटाला लागलं.

"ताई, यात तर काहीच नाहीये."

"माश्यांनी खाल्लं. रिपोर्ट बघ."

रिपोर्ट तिच्या उशाखालीच होता, घरी न्यायला जपून ठेवलेला. तिने तो काढला, वाचला. "जंतू दिसले नाहीत." खाली सही, तिच्या ओळखीची. मग मी तिला पहिल्या दिवशीच्या कोरड्या स्लाइडचंही सांगितलं.

धाकटीने रिपोर्ट खाली ठेवला. बोटाला लागलेलं तेल ती चादरीला पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली. एक हात पोटावर होता. जावईबापू डॉक्टरांच्या खोलीतून आले, चेहऱ्यावर तेच ओशाळं गोड हसू, आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून त्यांनी तिच्या पायाला हात लावला.

धाकटीने पाय ओढून घेतला.

"ताई," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझी पिशवी भरलेलीच आहे. सुटले की मी तुझ्याकडे येणार."